पाच वेळा वाचलं, तरी आठवत का नाही?

मराठीत ‘उजळणी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जायचा. एक म्हणजे झालेला अभ्यास पुन्हा करणं, आणि दुसरा म्हणजे पाढ्यांचं ते छोटं पुस्तक. ते पुस्तक मिटून, भिंतीला टेकून, मोठ्याने सतरा सत्ते किती हे सांगायचं, अडलं की पुन्हा बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणायचं. आज दहावीच्या घरात किंवा एमपीएससीच्या अभ्यासिकेत ‘उजळणी चालू आहे’ म्हणतात तेव्हा पुस्तक उघडं असतं, हातात पिवळा हायलायटर असतो आणि डोळे ओळींवरून फिरत असतात. शब्द तोच राहिला, काम मात्र बदललं. माझं म्हणणं असं की आपल्या मुलांचे हजारो तास या बदलात वाया जातायत, आणि याला मुलांपेक्षा आपली शाळा-क्लासची पद्धत जास्त जबाबदार आहे.

हे हवेतलं बोलणं नाही. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग इतका साधा की कुठल्याही शाळेत करून बघता येईल.

कॉलेजच्या मुलांना एक छोटा उतारा अभ्यासाला दिला. एका गटाने तो पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला, मग उतारा काढून घेतला आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायला लावलं, असं तीन वेळा. मध्ये उतारा परत दाखवला नाही, चुका सांगितल्या नाहीत. पहिल्या गटातल्या मुलांची चार फेऱ्यांत सरासरी चौदा वाचनं झाली, दुसऱ्या गटातल्यांची साडेतीनच्या आतबाहेर.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. मुलांच्या दुसऱ्या तुकडीची परीक्षा आठवड्याने घेतली, तेव्हा चित्र उलटं झालं. चौदा वेळा वाचलेल्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

आता यातली खरी मेख बघा. अभ्यास संपल्यावर मुलांना विचारलं होतं की आठवड्याने तुम्हाला हे कितपत आठवेल? सगळ्यात जास्त खात्री होती ती चौदा वेळा वाचणाऱ्यांना. म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त विसरलं जाणार होतं, तेच सगळ्यात निर्धास्त होते.

असं का होतं? तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, डोळा अडत नाही, आणि आपण समजतो ‘हे येतंय’. पण ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज रिक्षास्टँडवर दिसणारा माणूस तुम्ही लगेच ओळखता, पण घरी बसून त्याच्या शर्टाचा रंग सांगा म्हटलं तर जमत नाही. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तिथे आठवावं लागतं. आणि आठवण्याचा सराव आठवूनच होतो. प्रत्येक वेळी डोक्यातून एखादी गोष्ट ओढून बाहेर काढली की ती पुढच्या वेळी सापडणं सोपं होतं. वाचताना ही ओढाताण होतच नाही, म्हणून तर वाचन इतकं सुखाचं वाटतं.

दुसरी बाजू अंतराची. समजा एका धड्याला तुम्ही एकूण तीन तास देणार आहात. ते तीन तास एकाच रविवारी द्यायचे, की एक तास आज, एक पुढच्या आठवड्यात आणि एक त्यानंतर पंधरा दिवसांनी? तास तेवढेच, पण दुसऱ्या पद्धतीने जास्त टिकतं. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून हे नोंदवलं होतं आणि तेव्हापासून ते पुन्हापुन्हा सिद्ध झालंय. किती अंतर ठेवायचं, यावर २००८ साली निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवर काम केलं. त्यातून निघालेला ढोबळ हिशोब असा, की परीक्षा जितकी लांब, तितकं दोन बैठकांमधलं अंतर जास्त हवं. परीक्षा काही आठवड्यांवर असेल तर त्या काळाच्या साधारण दहा ते वीस टक्के. म्हणजे दोन महिन्यांनी पेपर असेल तर सहा ते बारा दिवसांचं अंतर. हे गणित दोन बैठकांपुरतं आहे, अगदी दिवस मोजून पाळायचं वेळापत्रक नाही. पण ‘आज वाचलं, उद्या वाचलं, झाला टॉपिक’ यापेक्षा ते खूप वेगळं आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते एका टॉपिकवर बघू. एमपीएससी करणाऱ्यांच्या परिचयाचा घेऊ, ७३ वी घटनादुरुस्ती.

पहिल्या दिवशी समजून घेऊन एकदाच नीट वाचा. मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर लिहा. वर्ष १९९२, लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला. भाग नऊ, कलम २४३ पासून पुढे. अकरावं परिशिष्ट, विषय २९. मुदत पाच वर्षं. पंचायत मुदतीआधी बरखास्त झाली तर... किती दिवसांत निवडणूक? अडलं ना? तिथे लगेच पुस्तक उघडू नका, अर्धा मिनिट डोकं खाजवा. मग उघडून बघा, सहा महिने. महिलांचं आरक्षण तुम्ही ५० टक्के लिहिलं असेल, तर तिथे लाल खूण करा. राज्यघटनेत किमान एक तृतीयांश आहे, निम्म्या जागा हा महाराष्ट्राच्या कायद्याचा भाग. ही गल्लत दहा वेळा वाचूनही लक्षात आली नसती, कारण वाचताना दोन्ही आकडे बरोबरच वाटतात. कोऱ्या पानाने ती पाच मिनिटांत दाखवली.

जिथे अडलं त्याचे प्रश्न एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, उत्तर मागच्या बाजूला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त त्या चिठ्ठ्या. आठवड्याने पुन्हा कोरं पान, संपूर्ण टॉपिक. या वेळी बरंच विसरलेलं असेल आणि वाईट वाटेल. वाटू द्या, त्या विसरण्यातूनच फायदा निघतो. मग पंधरा दिवसांनी, मग परीक्षेच्या आधी. जे प्रश्न सहज येतात त्यांचं अंतर वाढवा, जे चुकतात ते परत जवळ आणा. प्रत्येक फेरीला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

यात चुका कुठे होतात, तेही सांगतो. पहिली चूक म्हणजे प्रश्न वाचून मनात ‘हां, हे येतं’ म्हणायचं आणि चिठ्ठी उलटायची. हे परत वाचनच झालं. तोंडाने बोला किंवा लिहा, मगच उलटा. दुसरी चूक म्हणजे तपासायचंच नाही. अमेरिकेतल्या त्या मुलांना न तपासताही फायदा झाला, कारण त्यांना बरंचसं आठवत होतं. ज्याला दहातलं एकच आठवतंय त्याने आधी पुन्हा समजून वाचावं, कोऱ्या पानाकडे बघत बसून काही होत नाही. तिसरी चूक म्हणजे न समजलेलं पाठ करायला ही युक्ती वापरायची. भूमितीचं प्रमेय समजलं नसेल तर चिठ्ठ्यांनी फक्त न समजलेले शब्द टिकतील. आणि गणिताची उजळणी म्हणजे सोडवलेलं उदाहरण वाचणं नव्हे, उत्तर झाकून ते पुन्हा सोडवणं.

आणि हो, कोणी म्हणेल ‘मी आदल्या रात्री वाचून पास झालोय.’ खरं आहे! ८३ विरुद्ध ७१ हा आकडा तेच सांगतो. सकाळच्या पेपरपुरतं रात्रीचं वाचन चालून जातं. पण दहावीत एकाच वेळी सगळे विषय असतात, स्पर्धा परीक्षेत वर्षभराचा अभ्यास असतो, आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला औषधाची मात्रा पेपरनंतरही आठवावी लागते.

आता आपल्या व्यवस्थेकडे येतो. धडा संपला की त्याच आठवड्यात घटक चाचणी, तिचे मार्क वहीवर, आणि तो धडा थेट सहामाहीला भेटणार. म्हणजे आपण नेमकं पाच मिनिटांचं यश मोजतो आणि ‘पोर्शन पूर्ण झाला’ म्हणून पालकांना कळवतो. अभ्यासिकेत कोण किती तास बसला याची चर्चा होते, पुस्तक मिटून किती वेळ बसला याची होत नाही. आणि चाचणी म्हटलं की मार्क, नंबर, घरी बोलणी. त्यामुळे स्मरणाचं सगळ्यात उपयोगी साधन मुलांच्या नजरेत शिक्षा होऊन बसलंय.

यासाठी नवं बजेट लागत नाही, नवा जीआरही लागत नाही. शिक्षकांनी तासाची पहिली पाच मिनिटं द्यावीत. तीन प्रश्न, त्यातला एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहायची आणि स्वतःच तपासायची. मार्क नाहीत, नोंद नाही, पालकांना मेसेज नाही. शिक्षकाने फक्त हात वर करायला सांगून बघावं, महिन्यापूर्वीचं किती जणांना आलं. निम्मा वर्ग गप्प असेल तर तो धडा ‘झालेला’ नाही, एवढं त्यालाही कळेल.

पोर्शन मागे पडेल ही शिक्षकांची तक्रार मी समजू शकतो, तीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं कमी नसतात. पण जो धडा शिकवून महिन्याने वर्गात कुणाला आठवत नाही, तो वेळेत संपवून नेमकं काय साधलं?

पालकांसाठी एकच. आज रात्री मुलाला ‘वाचलंस का?’ विचारू नका. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि म्हणा, ‘मागच्या आठवड्यातलं काय आठवतंय ते सांग.’ अडला तर ओरडू नका. विषय तुम्हाला येत नसला तरी चालेल, पुस्तक तुमच्या हातात आहे.

यातले शिक्षक असाल आणि वर्गात असं काही करत असाल, तर काय जमलं आणि काय नाही, खाली नक्की लिहा. इतरांना उपयोग होईल.