शिंग जळाले, समजूत उरली

२२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, आसाममधील बोकाखाट येथे राज्य सरकारने गेंड्यांची २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. बोकाखाट हे काझीरंगा राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले गाव. मेलेल्या गेंड्यांची आणि शिकाऱ्यांकडून जप्त केलेली ही शिंगे कित्येक दशके सरकारी कोषागारांत कुलूपबंद पडून होती. जाळण्याआधी साठ्यातील एकेक शिंग तपासले गेले, तेव्हा एकूण २,६२३ नग भरले. त्यांपैकी ९४ शिंगे संग्रहालयासाठी राखली गेली, २९ न्यायालयातील खटल्यांसाठी ठेवली गेली आणि उरलेली २१ चक्क बनावट निघाली.

काळ्या बाजारात ज्या वस्तूसाठी माणसे जीव घेतात आणि जीव देतात, ती सरकारने आगीत का टाकावी, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. विकून आलेल्या पैशातून वनरक्षक नेमता आले नसते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी हे शिंग म्हणजे नेमके काय, ते पाहायला हवे.

गाई-म्हशीच्या शिंगाच्या आत कवटीतून वाढलेले हाड असते आणि त्यावर केराटिनची टोपी असते. म्हणूनच म्हशीचे शिंग उतरवले की आतून पोकळ दिसते. गेंड्याच्या शिंगात हाड नसते. कवटीवर, नाकाच्या हाडावर, फक्त एक खडबडीत जागा असते आणि तिच्यावरच्या त्वचेतून शिंग उगवते. त्वचेतल्या पेशी केराटिन हे प्रथिन तयार करतात, मरतात आणि खालून येणाऱ्या नव्या पेशी त्यांना वर ढकलतात. आपली नखे अशीच वाढतात. हे शिंग म्हणजे चिकटलेल्या केसांचा गुच्छ, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते पुरते बरोबर नाही. केसांची मुळे तिथे नसतात. केराटिनच्या अतिशय बारीक उभ्या नलिका आणि त्यांना जोडून धरणारे केराटिनच, अशी ही रचना घोड्याच्या खुराला अधिक जवळची आहे.

मग त्याला टोक कसे येते? अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये आफ्रिकेतील पांढऱ्या गेंड्याच्या शिंगांचे सीटी स्कॅन प्रसिद्ध केले. शिंगाच्या मध्यभागी कॅल्शियमचे क्षार आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य दाटलेले आढळले. कॅल्शियममुळे गाभा कठीण होतो आणि मेलॅनिनमुळे उन्हाने तो कमकुवत होत नाही. बाहेरचा भाग मात्र उन्हाने मऊ पडतो आणि घासून, आपटून झिजतो. टोक काढलेल्या पेन्सिलीप्रमाणे गाभा पुढे राहतो.

पांढऱ्या गेंड्याचे शिंग वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वाढणाऱ्या थराला धक्का न लावता ते कापले, तर रक्तही येत नाही आणि शिंग पुन्हा उगवते. शिकारी मात्र असे कापत नाही. शिंगाचा भाव वजनावर ठरतो, म्हणून बुडाचा तुकडाही त्याला हवा असतो. तो कुऱ्हाडीने चेहऱ्याच्या मांसासकट शिंग उपटतो, कधी जनावर पुरते मेलेले नसतानाच.

आता औषधाविषयी. गेंड्याचे शिंग कामोत्तेजक म्हणून विकले जाते, ही आपल्याकडची आवडती कथा. पारंपरिक चिनी वैद्यकात ते वापरले जाई ते मुख्यतः ताप उतरवण्यासाठी. हाँगकाँगमधील संशोधकांनी १९९० मध्ये उंदरांवर याची चाचणी घेतली. खूप मोठी मात्रा दिल्यावर ताप थोडा उतरला, पण तसाच परिणाम म्हशीच्या आणि गाईच्या शिंगानेही झाला. म्हणजे गेंड्याच्या शिंगात स्वतःचे असे खास काही दिसले नाही. चीनने १९९३ मध्ये या शिंगाच्या व्यापारावर बंदी घातली, अधिकृत औषधकोशातून ते काढून टाकले आणि त्याच्या जागी म्हशीचे शिंग वापरले जाऊ लागले. तापाला पॅरासिटॅमॉलची साधी गोळी पुरते, हे तर वेगळेच.

कर्करोगाची गोष्ट याहून गंभीर आहे. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये अफवा पसरली, की एका बड्या नेत्याचा कर्करोग गेंड्याच्या शिंगाने बरा झाला. त्याच काळात त्या देशात हाती पैसा खुळखुळणारा वर्गही वाढत होता. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंड्यांची चोरटी शिकार झाली होती. २०१४ मध्ये हा आकडा १,२१५ वर गेला. खुद्द व्हिएतनाममधला शेवटचा जावा गेंडा २०१० मध्ये कॅट टिएन राष्ट्रीय उद्यानात मृतावस्थेत सापडला. त्याच्या पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेले होते.

या शिंगाने कर्करोग बरा होतो, याला कोणताही पुरावा नाही. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी इतक्या घट्ट जखडलेल्या असतात, की आपल्या पोटातील पाचकरसांना त्या सहजी तुटत नाहीत. गिळलेले केस पोटात न पचता त्यांचा गोळा होतो, तो यामुळेच. शिंगाची पूड पोटात गेली, तरी तिचे फारसे काही होत नाही. खरे नुकसान होते ते रुग्णाचे, कारण पूड घेत काढलेल्या महिन्यांत गाठ वाढत राहते.

‘हे तर नुसते नख आहे’ हा प्रचार गेली अनेक वर्षे चालू आहे. तो खरा आहे आणि रुग्णांपर्यंत पोहोचायलाच हवा. पण तेवढ्याने गेंडे वाचतील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे वाटते. व्हिएतनाममधील अनेक खरेदीदार आजारी नसतात. व्यवहारात मर्जी राखायला भेट म्हणून, श्रीमंती दाखवायला म्हणून ते शिंग घेतात. त्यांच्या लेखी वस्तूचे मोल ती दुर्मीळ आहे यातच असते. ती कशाची बनली आहे, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. सोन्यानेही ताप उतरत नाही, म्हणून कोणी सोने घ्यायचे थांबत नाही. समजुती बदलायला पिढ्या लागतात. तोवर जनावर जिवंत ठेवायचे, तर शिकार महाग आणि अवघड करावी लागते. काझीरंगाने तेच केले.

तिथल्या शिकारीचे एक वेळापत्रक आहे. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री शिकाऱ्याला दिव्याशिवाय दिसते, म्हणून त्या धोक्याच्या. दुसरा धोका पावसाळ्याचा. ब्रह्मपुत्रेला पूर आला की गेंडे उंच जागेच्या शोधात महामार्ग ओलांडून दक्षिणेच्या कार्बी आंगलाँग टेकड्यांकडे जातात आणि उद्यानाच्या संरक्षणाबाहेर पडतात. म्हणून उद्यानातच मातीचे उंच भराव घातले गेले, म्हणजे पुरात जनावराला बाहेर जावे लागू नये. गवताळ रानात दोनशेहून अधिक चौक्या आहेत आणि वनरक्षक तिथे वर्षभर मुक्काम करतात. २०१९ पासून गेंड्यांच्या रक्षणासाठी वेगळे दलही उभे राहिले. शिकारी बहुतेकदा जवळच्या गावात एखाद्या वाटाड्याच्या घरी थांबतो, त्यामुळे खबऱ्यांची माहिती बंदुकीइतकीच कामाची ठरते. पकडलेले शिंग कोणत्या मेलेल्या गेंड्याचे, हे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने डीएनएवरून जुळवता येते. ‘शिंग कुठून आले ठाऊक नाही’ ही आरोपीची पळवाट त्यामुळे अरुंद होते.

२०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत आसाममध्ये पन्नासहून अधिक गेंडे मारले गेले होते. २०२२ मध्ये एकही मारला गेला नाही. १९७७ नंतर असे प्रथमच घडले. त्यानंतर तुरळक घटना घडल्या, पण जुने दिवस परतले नाहीत. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे मूठभरच उरले होते. या यशाची एक काळी बाजूही आहे. २०१० मध्ये वनरक्षकांना गोळीबाराच्या बाबतीत कायदेशीर संरक्षण देण्यात आले आणि निरपराध गावकरी त्यात भरडले जातात, अशा तक्रारी झाल्या. प्रत्येक गोळीचा हिशेब उघडपणे दिला गेला, तरच गावे खबर देत राहतील.

आफ्रिकेने आणखी एक मार्ग धरला: गेंड्याला बेशुद्ध करून शिंग आधीच कापून टाकणे. क्रूगरच्या परिसरातील अकरा अभयारण्यांचा २०१७ ते २०२३ या काळातील अभ्यास २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांपैकी ज्या आठ अभयारण्यांत शिंगे कापली, तिथे शिकार ७८ टक्क्यांनी घटली आणि त्यावर एकूण संरक्षणखर्चाचा जेमतेम सव्वा टक्का लागला. पण शिंग पुन्हा वाढते, दर दीड-दोन वर्षांनी तेच काम करावे लागते आणि उरलेल्या बुंध्यासाठीही काही गेंडे मारले गेलेच.

शिंग पुन्हा उगवते, तर ते कापून कायदेशीर विकावे, असे काही गेंडापालक म्हणतात. मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. पूड झालेले शिंग जिवंत गेंड्याचे की मारलेल्याचे, हे ग्राहकाला कळत नाही. कायदेशीर दुकान उघडले की चोरीच्या मालाला पावती मिळते. शिवाय सरकारनेच विकायला काढलेली वस्तू निरुपयोगी आहे, यावर कोण विश्वास ठेवणार? बोकाखाटच्या आगीचे समर्थन याच कारणासाठी करावेसे वाटते. त्या आगीने शिकार थांबली, असे नव्हे. पण ‘याचे मोल शून्य आहे’ हे सरकारने स्वतः नुकसान सोसून सांगितले.

उरतात ती कोषागारातली २१ बनावट शिंगे. सरकारी साठ्यातही खोटी शिंगे शिरतात, तर बाजारात काय होत असेल? खऱ्या शिंगाचा काप भरीव असतो, त्यावर भिंगातून बारीक ठिपके दिसतात आणि बुडाशी ते ब्रशसारखे तंतुमय असते. अंगठीत किंवा पुडीत यातले काहीच ओळखू येत नाही. तेव्हा कोणी ‘गेंड्याच्या शिंगाचे’ म्हणून काही देऊ केले, तर ते बहुधा म्हशीचे असेल. आणि खरेच गेंड्याचे असेल, तर ते जवळ बाळगणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तीन ते सात वर्षे कैदेचा गुन्हा आहे. दोन्ही बाबतींत पैसे देण्याऐवजी वनविभागाला कळवणेच शहाणपणाचे.