ओ.डी.चं व्याज: महिनाअखेरची ती एक ओळ



सुरतेत आपल्यापैकी अनेकांच्या घरी साडीचं दुकान, लेसचा धंदा किंवा एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत. माल आधी भरावा लागतो आणि पार्टीकडून पैसे मागाहून, तेही तुकड्यातुकड्यांनी येतात. मधली तूट बँकेचा ओव्हरड्राफ्ट भागवतो. मग महिनाअखेरीला स्टेटमेंटवर व्याजाची एकच ओळ येते. वडील म्हणतात, "बँकेनं लावलंय म्हणजे बरोबरच असेल." ते बरोबर आहे का, हे आज आपणच काढून बघू.

मुळात ओ.डी.वर व्याज मंजूर मर्यादेवर नसतं, तर आपण प्रत्यक्ष वापरलेल्या रकमेवर आणि जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचंच असतं. त्यासाठी रोज दिवस संपताना खात्यात किती नावे बाकी आहे, ते धरतात. दिवसभरात दहा व्यवहार झाले तरी मोजायची ती शेवटची बाकी. प्रत्येक बाकीला ती जितके दिवस टिकली त्या दिवसांनी गुणायचं. या गुणाकाराला 'प्रॉडक्ट' म्हणतात. महिन्याच्या सगळ्या प्रॉडक्ट्सची बेरीज म्हणजे जणू एकाच दिवसासाठी घेतलेलं मोठं कर्ज, आणि त्याचं एका दिवसाचं व्याज काढायचं.

समजा, उधन्यातल्या एका दुकानाचा ओ.डी. पाच लाखांचा आहे आणि व्याजदर १२ टक्के. १ सप्टेंबरला ३,००,००० रुपये नावे आहेत. ६ तारखेला ८०,००० जमा झाले. ११ला मालाचे १,३०,००० गेले. १८ला १,००,००० आणि २६ला ५०,००० जमा झाले.

| तारखा | नावे बाकी | दिवस | प्रॉडक्ट |
|---|---|---|---|
| १ ते ५ | ३,००,००० | ५ | १५,००,००० |
| ६ ते १० | २,२०,००० | ५ | ११,००,००० |
| ११ ते १७ | ३,५०,००० | ७ | २४,५०,००० |
| १८ ते २५ | २,५०,००० | ८ | २०,००,००० |
| २६ ते ३० | २,००,००० | ५ | १०,००,००० |
| एकूण | | ३० | ८०,५०,००० |

आता ८०,५०,००० ला १२ ने गुणून ३६,५०० ने भागायचं (१०० गुणिले ३६५). उत्तर येतं २,६४६ रुपये ५८ पैसे. एक्सेलमध्ये बाकी B2 ते B6 आणि दिवस C2 ते C6 मध्ये लिहिले, तर एवढंच पुरतं:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)*12/36500
```

बरेच जण सुरुवातीची आणि शेवटची बाकी घेऊन सरासरी काढतात. इथे ती अडीच लाख येते, महिन्याचं एक टक्का धरून व्याज २,५०० रुपये होतं आणि मग बँकेनं जास्त घेतलं असं वाटतं. पण ११ ते १७ हे सात दिवस साडेतीन लाख वापरले गेले, ते या सरासरीत दिसतच नाहीत.

याच हिशेबातून एक कामाचा आकडा निघतो. १२ टक्क्यांनी एक लाख रुपये एक दिवस वापरले, तर ३२ रुपये ८८ पैसे पडतात. १८ तारखेचे एक लाख १२ लाच खात्यात आले असते, तर सहा दिवसांचे १९७ रुपये वाचले असते. पार्टीचा चेक गल्ल्यात पडून राहिला, तर त्याचा खर्च असा मोजता येतो.

आपला आकडा बँकेशी जुळला नाही, तर आधी दिवसांची बेरीज बघा. ती ३० पेक्षा जास्त आली, तर व्यवहाराचा दिवस दोन्ही ओळींत मोजला गेलाय. जमेच्या दिवशी नवी, कमी झालेली बाकी धरायची. दुसरी जागा चेकची. चेक बँकेत टाकला ती तारीख नव्हे, तर ज्या तारखेपासून बँक ती रक्कम व्याजासाठी जमा धरते ती 'व्हॅल्यू डेट' घ्यायची. तिसरी गोष्ट, काही दिवस खातं जमेत गेलं असेल, तर त्या दिवसांचं प्रॉडक्ट शून्य असतं. जमा बाकीचं प्रॉडक्ट एकूण बेरजेतून वजा होत नाही.

आणि हे २,६४७ रुपये महिनाअखेरीला खात्यातच नावे पडतात. म्हणून ऑक्टोबरची सुरुवात २,००,००० ने नाही, तर २,०२,६४७ ने होते. सप्टेंबरचं व्याज भरलं नाही, तर ऑक्टोबरमध्ये त्यावरही रोज व्याज चढतं.

बचत खात्यालाही आता हीच रोजच्या बाकीची पद्धत आहे, पण ती १ एप्रिल २०१० पासून. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी बाकी धरून व्याज मिळायचं. आजी-आजोबा दहा तारखेच्या आत पैसे भरायची घाई का करायचे, ते आता कळलं असेल.