एलसी पाठवण्याआधी करार वाचा: रेझिन आयातदारांचे मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापक, ट्रेड फायनान्स विभाग,
जळगाव परिसरातील आयातदारांचे व्यवहार पाहणाऱ्या सर्व बँका

विषय: एलसीच्या अर्जातील अर्जदाराचा तपशील, मालाचे वर्णन आणि विक्री करार यांचा मेळ एलसी उघडण्यापूर्वीच घालण्याबाबत

महोदय,

परदेशातून पीव्हीसी रेझिन मागवून पाइप काढणारे आमचे सभासद आपल्याकडे एलसीचा अर्ज देतात, तेव्हा सोबत विक्री कराराची किंवा प्रोफॉर्मा इन्व्हॉइसची प्रत जोडतात. ती प्रत आपणच मागता. ती फाइलला लागते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. अर्जात एक आणि करारात दुसरेच असल्याचे कळते ते थेट कागदपत्रे आल्यावर, म्हणजे माल न्हावा शेवाच्या वाटेवर असताना किंवा बंदरात उतरून पडल्यावर. हा मेळ अर्जाच्या टेबलावरच घातला जावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

याबाबत विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते: एलसी हा विक्री करारापासून स्वतंत्र व्यवहार आहे आणि कराराशी बँकेला देणेघेणे नाही. यूसीपी 600 चे कलम 4 तसेच सांगते, आणि त्यावर आमचा वाद नाही. करार किंवा प्रोफॉर्मा एलसीचाच भाग म्हणून जोडण्याच्या प्रयत्नाला बँकेने प्रोत्साहन देऊ नये, असेही त्याच कलमात आहे. पण ही स्वतंत्रता आहे ती उघडलेल्या एलसीची. एलसी निघण्याआधी आपल्यासमोर असतो तो ग्राहकाचा अर्ज. तो करारानुसार भरला आहे का हे पाहायला कुठलेही कलम मनाई करत नाही. उलट एकदा एलसी गेली की करार कोणीच उघडणार नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवण्याची संधी मिळते ती तेवढीच.

एका सभासदाचे प्रकरण तपशिलाने मांडतो. नावे गाळली आहेत आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. विक्रेता तैवानचा. करारात माल असा होता: सस्पेन्शन ग्रेड पीव्हीसी रेझिन, के व्हॅल्यू 66 ते 68, 100 मेट्रिक टन, विक्रेत्याच्या मर्जीने 5 टक्के कमी किंवा जास्त, 25 किलोच्या पिशव्यांत, न्हावा शेवापर्यंत सीआयएफ, टनाला 850 डॉलर. एलसी गेली ती अशी: पीव्हीसी रेझिन के-67, 4000 पिशव्या, रक्कम 85,000 डॉलर, टॉलरन्सचा रकाना रिकामा. वरवर पाहिले तर यात चूक दिसत नाही. 4000 पिशव्या म्हणजे 100 टनच, आणि 100 टनांचे 85,000 डॉलरच होतात.

विक्रेत्याने 102 टन पाठवले. करारानुसार तो त्याचा हक्कच होता. त्याचे बिल झाले 86,700 डॉलरचे, आणि बँकेने एलसीपेक्षा जास्त रकमेची मागणी म्हणून कागदपत्रांवर डिस्क्रेपन्सी काढली. नियमाने ती बरोबरच होती. कलम 30 प्रमाणे मालाच्या प्रमाणात 5 टक्क्यांची सूट आपोआप मिळते, पण तिला दोन अटी आहेत. एकूण मागणी एलसीच्या रकमेबाहेर जाता कामा नये, आणि एलसीत माल पिशव्यांच्या किंवा नगांच्या ठरावीक संख्येत सांगितलेला नसावा. इथे दोन्ही अटी मोडल्या. अर्जात नुसते 100 मेट्रिक टन असते आणि मागणी एलसीच्या रकमेतच राहिली असती, तर जास्तीच्या वजनावर आक्षेप आला नसता. 4000 हा आकडा प्रोफॉर्माच्या पॅकिंगच्या रकान्यातून उचलून वर्णनात आला आणि तेवढ्याने ती सूट गेली.

टॉलरन्सचा रकाना रिकामा का राहतो, हेही मोकळेपणाने सांगायला हवे, कारण दर वेळी तो विसरलेला नसतो. त्यात 05/05 भरले की एलसीची कमाल रक्कम 89,250 डॉलर होते, आणि आपण मार्जिन व मर्यादा त्या कमाल रकमेवर धरता. 4,250 डॉलरची जादा मर्यादा अडकू नये म्हणून आमचे लोक रकाना सोडून देतात आणि विक्रेता बरोबर 100 टनच भरेल अशी आशा धरतात. रेझिनच्या धंद्यात ती आशा खोटी ठरण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आमची पहिली मागणी: करारात कमी-जास्तीचे कलम असेल आणि अर्जातला रकाना रिकामा असेल, तर अर्ज तसाच पुढे पाठवू नये. अर्जदाराने एक तर टॉलरन्स भरावा, नाहीतर विक्रेत्याकडून ते कलम काढल्याचा कागद आणावा. मर्यादेचे बोलणे त्याच दिवशी, त्याच टेबलावर व्हावे.

आता वर्णन. करारात के व्हॅल्यू 66 ते 68 अशी पट्टी होती आणि एलसीत ती के-67 झाली. बाजारात दोन्हींचा अर्थ एकच. विक्रेत्याने इन्व्हॉइसवर करारातले शब्द छापले आणि विश्लेषणाच्या दाखल्यावर प्रयोगशाळेतला आकडा आला 66.8. कागदपत्रे तपासणारा अधिकारी रसायनशास्त्रज्ञ नसतो आणि त्याने तसे असावे अशी अपेक्षाही नाही. तो एलसीतला 67 पाहतो आणि दाखल्यातला 66.8 पाहतो. कलम 18 प्रमाणे इन्व्हॉइसवरचे वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायला हवे. इतर कागदांवर सर्वसाधारण शब्द चालतात, म्हणून बिल ऑफ लेडिंगवर नुसते पीव्हीसी रेझिन लिहिले तरी अडत नाही. थोडक्यात, सगळा भार अर्जाच्या त्या दोन ओळींवर येतो. तिथे पट्टीची संख्या करून टाकणारा हात आमचा असो वा आपल्या ऑपरेटरचा, परिणाम तोच.

यावर उपाय म्हणून करारातली सगळी तांत्रिक पाने 45A मध्ये ओतू नयेत. वर्णन जितके लांब, तितक्या चुकायच्या जागा. मालाचे नाव, ग्रेड आणि के व्हॅल्यूची पट्टी करारातल्याच शब्दांत असली की काम भागते. आठ अंकी भारतीय एचएस कोडही तिथे नको. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात, आणि तैवानचा विक्रेता आपल्या देशाचा कोड छापून मोकळा होतो.

अर्जदाराच्या नाव-पत्त्याचा प्रश्न याहून साधा दिसतो, पण त्याचा त्रास जास्त आहे. एमटी 700 संदेशात फील्ड 50 साठी 35 अक्षरांच्या चार ओळी मिळतात, म्हणजे नाव आणि पत्ता मिळून 140 अक्षरे. एमआयडीसीतल्या कारखान्याचा पत्ता प्लॉट क्रमांक, सेक्टर, रस्ता आणि पिन धरून लिहिला, आणि नावात प्रायव्हेट लिमिटेड असले, की तो मावत नाही. मग ऑपरेटर आपल्या अकलेने काहीतरी गाळतो किंवा गावातल्या नोंदणीकृत कार्यालयाचा छोटा पत्ता टाकतो. एरवी हे चालून जाते. कलम 14 सांगते की पत्ते एलसीतल्यासारखेच हवेत असे नाही, देश तोच असला की पुरे. पण त्याच कलमाचा शेवट बरेच जण वाचत नाहीत: वाहतुकीच्या कागदावर कन्साइनी किंवा नोटिफाय पार्टी म्हणून अर्जदाराचा पत्ता आला, तर तो एलसीत आहे तसाच हवा. विक्रेता बिल ऑफ लेडिंगवर करारातला कारखान्याचा पत्ता देतो आणि एलसीत असतो कार्यालयाचा. झाली डिस्क्रेपन्सी.

यावर आमची दुसरी मागणी आहे, आणि सर्वांत जास्त आग्रह तिचाच: एलसी पाठवण्यापूर्वी संदेशाचा मसुदा जसा जाणार आहे तसाच अर्जदाराला दाखवावा आणि त्याची लेखी संमती घ्यावी. आज आम्हाला प्रत मिळते ती संदेश गेल्यानंतर. पत्ता कुठे कापायचा हे ठरवण्याचा हक्क ज्याचा पत्ता आहे त्याला असावा, म्हणजे तो विक्रेत्यालाही नेमका तोच पत्ता कळवू शकेल. मसुद्याला संमती दिल्यावर उरलेली चूक आमची, हे आम्ही मान्य करतो. अर्जातल्या संदिग्धतेची जोखीम अर्जदाराची, असे आयएसबीपी 745 सांगतेच.

नाव बदलण्याचे प्रकरण वेगळे. भागीदारी फर्मने करार केला आणि एलसीच्या आधी तिची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली, असे आमच्याकडे घडते. कंपनीला नवा पॅन मिळतो, आणि आता पॅन हाच आयईसी असल्यामुळे आयईसीही नवा होतो. एलसी कंपनीच्या नावाने निघते, इन्व्हॉइसही अर्जदाराच्या म्हणजे कंपनीच्या नावाने यावे लागते, बिल ऑफ एंट्री कंपनीच्या आयईसीवर भरली जाते, आणि फाइलमधला करार मात्र जुन्या फर्मचाच राहतो. पैसे पाठवण्याच्या दिवशी खरेदीदार कोण असा प्रश्न निघतो. तो रास्त आहे, फक्त उशिरा विचारलेला आहे. अर्ज घेतानाच तो विचारावा आणि विक्रेत्याच्या सहीचे एक पानाचे पूरक पत्र मागावे. विक्रेता ते आनंदाने देतो, कारण तोवर माल त्याच्याच गोदामात असतो.

तिसरी मागणी आक्षेप कळवण्याच्या रीतीबद्दल. आज सकाळी पत्त्याचा फोन येतो, संध्याकाळी बंदराचा, परवा विम्याचा. अर्ज आणि करार एकदाच पूर्ण वाचून सगळ्या विसंगती एकाच लेखी टिपणात, अर्ज दिल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात कळवाव्यात. कागदपत्रे तपासायला यूसीपी पाच बँकिंग दिवस देते आणि त्यात परदेशी कागदांची चळत असते. दोन-चार पानांच्या अर्जाला एक दिवस पुरावा.

बँकेने करार योग्य की अयोग्य हे ठरवावे, भाव तपासावा किंवा मालाच्या दर्जाची हमी घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. दुसरे असे की बाजार पडला की डिस्क्रेपन्सीचा आधार घेऊन विक्रेत्याकडून सूट उकळणारे आयातदार या धंद्यात आहेत, आणि त्यांना हा मेळ गैरसोयीचा वाटेल. त्यांची सोय पाहण्यासाठी ही संघटना नाही.

शेवटची मागणी पैशांची. चूक एलसी गेल्यावर सापडली तर दुरुस्ती करता येते, पण विक्रेत्याच्या संमतीशिवाय ती लागू होत नाही. तो गप्प बसला तर कागदपत्रे सादर होईपर्यंत काहीच कळत नाही, आणि तोवर जुन्याच अटी त्याच्यापुरत्या कायम राहतात. अशा अनिश्चित दुरुस्तीचे शुल्क आज दर वेळी अर्जदार भरतो. संमती दिलेल्या मसुद्यात आणि प्रत्यक्ष गेलेल्या संदेशात फरक असेल, तर दुरुस्तीचे शुल्क आणि त्यानंतर निघालेल्या डिस्क्रेपन्सीचे शुल्क बँकेने सोसावे. मसुद्याप्रमाणेच संदेश गेला असेल तर ते आम्ही भरू.

आपल्या शाखेत यापैकी काय लगेच सुरू करता येईल आणि कशासाठी मुख्य कार्यालयाची परवानगी लागेल, हे मागणीनिहाय लेखी कळवावे. मसुदा दाखवण्याची पद्धत पुढच्या अर्जापासूनच सुरू करता येण्यासारखी आहे. त्यासाठी आमचे सभासद अर्जासोबत मसुदा पाहणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव आणि ईमेल देतील आणि मसुदा मिळाल्या दिवशीच उत्तर पाठवतील.

आपले,
अध्यक्ष व चिटणीस,
आयातदार सभासदांच्या वतीने