खांदे 34 चे, ब्लाउज 38 चा

ऑफिसातल्या ट्रॅडिशनल डेला मी दरवर्षी एकच पोज देते. उजवा हात डाव्या खांद्यावर. फोटोत एकदम ग्रेसफुल दिसतं. खरं कारण असं की ब्लाउजचा खांदा घसरत असतो आणि पिन टोचत असते!

माझं गणित साधं आहे. छातीचा पूर्ण घेर 38 इंच, पण काखेतून, छातीच्या वरून टेप फिरवला की 34. आजवर ज्यांनी ज्यांनी माझे ब्लाउज शिवले, त्यांनी 38 हाच आकडा वहीत लिहिला आणि खांदे, मुंढा, पाठ, सगळं 38 च्या बाईचं कापलं. मग खांदा उतरायचा, मुंढ्यापाशी पोकळ चुणी पडायची. तक्रार केली की तिथे एक टिप मारून मिळायची. चुणी जायची, पण मुंढा लहान व्हायचा आणि हात वर केला की बाही काचायची. रिक्षा थांबवतानासुद्धा विचार करावा लागायचा.

यंदा चुलतबहिणीचं लग्न होतं. साडी आजीची पैठणी, तिच्यासोबतचा ब्लाउजपीस जेमतेम 80 सेंटिमीटर. म्हणजे एकच चान्स. मावशीने दहा वर्षं शिवणक्लास चालवलाय. तिने माझी चुणी चिमटीत धरली आणि म्हणाली, “अगं, मुंढा मोठा नाहीये. छातीला कापड पुरत नाही म्हणून ते इथून ओढलं जातंय. तुला मोठं माप नकोय, मोठा कप हवाय.”

तर मैत्रिणींनो, कपाचं गणित असं. बहुतेक तयार पॅटर्न्स बी कप धरून आखलेले असतात, म्हणजे वरचा घेर आणि पूर्ण घेर यांत 2 इंचांचा फरक. माझा फरक 4. म्हणून पॅटर्न निवडायचा वरच्या घेरावरून. मी ऑनलाइन घेतलेला प्रिन्सेस कट, वरचा घेर 34, पूर्ण घेर 36. खांदे आणि मुंढा तिथेच पास. छातीला कमी पडले 2 इंच, म्हणजे डावीकडे 1 आणि उजवीकडे 1. (मापं घेताना लग्नात घालणार तीच ब्रा घाला. मी आधी घरातली घातली होती आणि सगळं परत मोजलं.)

माझ्या पॅटर्नची प्रिन्सेस शिवण मुंढ्यातून निघून छातीवरून खाली जाते. समोरचे दोन भाग असतात, मधला आणि बाजूचा. मावशीने आधी कागदावरचं शिलाईचं मार्जिन कापून टाकायला लावलं, ते शेवटी परत द्यायचं. मग बाजूच्या भागावर, छातीच्या सर्वांत उंच जागेच्या लेव्हलला आडवी रेघ मारली. तिच्यावर गोलाईच्या कडेपासून 1 इंच आत एक खूण. या खुणेपासून एक रेघ सरळ खाली कमरेपर्यंत आणि दुसरी तिरकी वर, थेट त्या कोपऱ्यापर्यंत जिथे प्रिन्सेस शिवण मुंढ्याला भेटते.

आता कात्री. कमरेकडून वर खुणेपर्यंत, तिथून तिरकं कोपऱ्याकडे, पण कोपऱ्याआधी केसभर थांबायचं. तो चिकटलेला कागद म्हणजे आपली बिजागरी. मग गोलाईच्या कडेकडून आडवी रेघ खुणेपर्यंत कापायची. बाजूच्या शिवणीचा मोठा तुकडा टेबलावर टेपने चिकटवला. वरचा निमुळता तुकडा बिजागरीवर फिरवला, खुणेपाशी 1 इंच फट पडेपर्यंत. खालचा सुटा तुकडाही 1 इंच सरकवला, पण कमरेची रेघ सरळ ठेवून. बाजूची शिवण आणि मुंढा जागचे हललेसुद्धा नाहीत. मला तर जादूच वाटली.

गंमत पुढे आहे. वरचा तुकडा फिरताना किंचित उचलला जातो, त्यामुळे त्याच्या आणि खालच्या तुकड्याच्या मध्ये कडेला फट पडते. माझ्या कागदावर ती 5 सूत भरली (8 सुतांचा एक इंच). उंचवट्यावरून जायला कापडाला रुंदीच नाही, लांबीही जास्त लागते, तीच ही. म्हणून मधला भागही त्याच लेव्हलला आरपार आडवा कापून 5 सूत लांब करायचा. मी हे विसरले होते. मावशीने दोन्ही कडा कागदावर एकमेकींशी चालवून मोजायला लावल्या, तेव्हा बाजूची कड 5 सूत उरली. कापडावर कळलं असतं तर मी ते खेचून शिवलं असतं आणि खाली चुण्या पडल्या असत्या.

फटींखाली कागद चिकटवून नवी कड आखताना दोन जागा जपायच्या. बिजागरीपाशी कडेचा कोन बदललेला असतो. तसाच ठेवला तर शिवल्यावर मुंढ्याच्या रेषेला तिथे मोड येतो. म्हणून वरचा पाऊण इंच जुन्याच दिशेने आणायचा आणि मग हळूहळू बाहेर वळवायचा. दुसरी जागा छातीची. तिथे टोक राहिलं तर ब्लाउज जाहिरातीतल्या आइस्क्रीमच्या कोनासारखा दिसतो, तेव्हा ते घासून गोल करायचं. कमरेला मला जास्तीचा इंच नको होता. तो छातीच्या इंचभर खालून त्याच कडेवरून कमी करत नेला. फार तीव्र वळण वाटायला लागलं तेव्हा थोडा बाजूच्या शिवणीत घेतला. कडा परत मोजल्या, हे सांगायला नकोच.

ही युक्ती एका बाजूला दीड इंचापर्यंत चांगली चालते. त्यापुढे बाजूचा भाग इतका फुगतो की सरळ कडेशी जुळवताना नाकी नऊ येतात. मग थोडी वाढ, पाव इंचभर, फक्त छातीपाशी मधल्या भागाच्या कडेलाही द्यायची.

मांजरपाटाचं सॅम्पल शिवलं. छातीच्या वर-खाली दीड दीड इंचावर दोन्ही भागांवर खुणा केल्या, त्यांच्यामध्ये मधल्या भागाच्या मार्जिनला बारीक काप दिले आणि फुगीर कड खालच्या बाजूला ठेवून मशीन चालवलं. घातलं. खांदा खांद्यावर होता! हात वर, खाली, रिक्षा थांबवायची पोज, सगळं केलं. मुंढ्यातली चुणी गायब, आणि बाही पॅटर्नमधलीच, एक दोराही न बदलता बसली.

फक्त फुगवट्याचा मध्य जरा खाली आला होता. मावशीने सॅम्पलवर पेनने ठिपका काढला, मूळ जागेपेक्षा पाव इंच वर. ती गोलाई कागदावर तेवढी वर सरकवली, दुसरं सॅम्पल शिवलं आणि रात्री साडेअकराला आजीच्या पैठणीच्या पिसाला कात्री लावली. मावशी बाजूला चहा घेऊन बसली होती. “हात थरथरतोय तुझा,” म्हणाली. “थांब, आधी चहा पी.”