तीन दिवसांनंतरचा डबा

शेजारच्या घरात अचानक मय्यत झाली की आपण निरोप पाठवतो, ‘काही लागलं तर सांगा.’ मन साफ असतं, पण दुःखातल्या माणसाला मागता येत नाही. जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर आली तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितलं. घरच्यांनी मागण्याची वाट पाहिली नाही.

आमच्या मजल्यावर गेल्या वर्षी असंच झालं. वडील गेले. दोन मुलं, तिसरीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. दोघांना शाळेत सोडणारे तेच होते. तीन दिवस डबे सगळीकडून आले, काही वायाही गेले. खरी अडचण चौथ्या दिवसापासूनची होती. आईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. निकडीच्या गरजेला मुभा असली, तरी रोज शाळेच्या फाटकापर्यंत ये-जा कशी करणार?

म्हणून निरोप भाभींना न पाठवता मुलांच्या चाचांना पाठवला:

‘अस्सलामु अलैकुम भाईजान. अल्लाह मरहूमची मगफिरत करो. भाभींची इद्दत पूर्ण होईपर्यंत मुलांचं असं करू या का? सकाळी ७ वाजता माझी मुलगी आणि मी दोघांना घेऊन निघू, १२॥ वाजता घरी सोडू. दोघांचे शाळेचे डबे माझ्याकडे. धाकट्याला अंडं चालत नाही, ते लक्षात आहे. पहिला महिना रात्रीचं जेवण ५ जणांचं, ८ वाजता दारात येईल: सोमवार ते बुधवार आमच्याकडून, गुरुवार ते शनिवार खालच्या खालांकडून. रविवार तुमच्या घरच्यांसाठी ठेवला आहे. जेवण आजपासून येईल. मुलांना मात्र तुमचा होकार आल्यावरच नेऊ. कधीपासून पाठवायचं ते तुम्ही ठरवा.’

यात प्रत्येक कामाला माणूस, वेळ आणि मुदत आहे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ द्यायचं आहे. जेवणाला उत्तराची गरज नाही. मुलं नेण्याला आहे, कारण ती त्यांची अमानत आहे.

होकार आल्यावर दोन कामं उरतात. पहिलं, मुलांना कोण नेणार याची आईच्या सहीची चिठ्ठी शाळेत द्यायची. अनोळखी माणसाच्या हाती शाळा मूल देत नाही, आणि देऊही नये. रिक्षावाल्या चाचांनाही कळवायचं. दुसरं, वर्गशिक्षिकेला आधीच सांगायचं. नाहीतर वर्गात सहज विचारलं जातं, ‘वहीवर अब्बांची सही का नाही?’ आणि लेकरू सगळ्यांसमोर कोसळतं.

एखाद्या दिवशी आपल्याला जमणार नसेल तर आदल्या रात्री दुसऱ्याला सांगून ठेवावं आणि मुलांनाही कळवावं. वडील अचानक गेलेलं मूल फाटकाशी पाच मिनिटं एकटं राहिलं तरी घाबरतं.