गुंतवळ मोजा, मग घाबरा

गल्लीत अजूनही एखादी बाई टोपली घेऊन येते आणि गुंतवळाच्या बदल्यात लहानसहान भांडी देते. वर्षानुवर्षे हा धंदा चालला आहे, कारण घराघरात रोज केस गळतात आणि आयाबाया ते फणीतून काढून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. आपल्या आज्या गुंतवळ विकत होत्या, पण त्यांना टक्कल पडले नव्हते. आज मात्र फणीत केस दिसले की घरात रडारड होते आणि संध्याकाळपर्यंत तेलाची महागडी बाटली येते. आमचे म्हणणे असे की, बाटली आणण्याआधी केस मोजावेत.

मोजायचे तर केस वाढतो कसा, हे आधी समजून घेऊ. डोक्याच्या कातडीत प्रत्येक केसाची एक बारीक पिशवी असते. केसाचे खरे मूळ तेथे असते. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो, नखासारखा. प्रत्येक केसाचे आयुष्य तीन टप्प्यांचे असते. पहिला टप्पा वाढीचा. तो साधारण दोन ते सहा वर्षे चालतो आणि या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दुसरा टप्पा दोन-तीन आठवड्यांचा. यात वाढ थांबते आणि केस मुळापासून सुटा होऊ लागतो. तिसरा टप्पा विश्रांतीचा, सुमारे तीन महिन्यांचा. केस नुसता पिशवीत अडकून बसलेला असतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच पिशवीतून नवा केस वर येतो.

आता साधा हिशेब करा. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. शंभरातले नव्वद वाढीत आणि दहा विश्रांतीत धरले, तर विश्रांतीतले केस झाले १० हजार. हे १० हजार केस सुमारे १०० दिवसांत गळून जायचे आहेत. म्हणजे रोज १००. हे शंभर केस पाळी संपलेले कामगार समजा. ते घरी निघाले, म्हणजे कारखाना बंद पडला असे होत नाही. माणसागणिक हा आकडा कमीजास्त होतो. कोणाचे पन्नास गळतील, कोणाचे सव्वाशे.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की बायका म्हणतात, "सिस्टर, मुळासकट निघाला हो!" तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती पुरी झालेल्या केसाचे ते वाळलेले टोक आहे. मूळ कातडीतच राहते.

आमच्या वस्तीतल्या एका सुनेची गोष्ट सांगतो. बाळ चार महिन्यांचे होते. डोक्यावरून पाणी घेतले की न्हाणीच्या जाळीवर केसांचा गोळा जमायचा. सासूबाई म्हणाल्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातातच." शेजारीण म्हणाली, कोणाची तरी नजर लागली. नवऱ्याने उसने पैसे घेऊन तेल आणले होते. आम्ही तिला तेलाचे झाकण लावून ठेवायला सांगितले आणि चार दिवस केस जमवायला लावले. तीन दिवस तिने नुसती फणी केली. केस निघाले ६०, ५५ आणि ७०. चौथ्या दिवशी न्हाली, त्या दिवशी ४१५. एकट्या चौथ्या दिवसाचा आकडा पाहिला तर कोणीही घाबरेल. पण तीन दिवस डोक्यातच अडकून राहिलेले केस त्या दिवशी एकदम निघाले होते. चार दिवसांची बेरीज ६००, म्हणजे रोजचे १५०. नेहमीपेक्षा जास्त खरे, पण टक्कल नव्हे.

जास्त का, त्याचे उत्तर तिच्या बाळंतपणात होते. गरोदरपणात शरीरातल्या रसायनांमुळे पुष्कळ केस वाढीच्याच टप्प्यात थांबून राहतात, म्हणून तेव्हा केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ती रसायने उतरतात आणि थांबलेले केस एकदम विश्रांतीला जातात. विश्रांती तीन महिन्यांची. म्हणजे गळती दिसणार ती बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर, आणि बाळ हसायला लागते तेही त्याच सुमारास. सासूबाईंनी वेळ बरोबर हेरली होती, कारण मात्र चुकले. हसण्यात दोष नाही आणि नजरेतही नाही. डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा उपाशी राहून वजन घटवणे, यांनंतरही दोन-तीन महिन्यांनी अशीच गळती होते. म्हणून केस गळू लागले की कालचा साबण आठवू नका, तीन महिन्यांपूर्वी काय झाले होते ते आठवा.

ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तेलाची बाटली नाव कमावते ते येथेच. दोन बाटल्या संपेपर्यंत तीन महिने उलटतात, केस गळायचे थांबतात आणि श्रेय तेल घेऊन जाते. तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो, तेवढे घरच्या खोबरेलानेही होते. त्यासाठी उसनवारी करू नये.

त्या सुनेच्या कपाळाशी बोटभर नवे केस उभे राहिलेले होते. ते तिला आरशात दाखवले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण तिचे डोळे आणि नखे आम्हाला फिकी वाटली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९ निघाले. बाईचे ते १२ तरी असावे. बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक घ्यायच्या लोहाच्या गोळ्या तिला फुकट मिळाल्या होत्या. शौचाला काळी होते म्हणून तिने त्या फडताळात टाकल्या होत्या. काळी होणे हे त्या गोळीमुळेच होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये, एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. बाळ नऊ महिन्यांचे झाल्यावर तिने पुन्हा केस मोजले, तेव्हा रोजचे ८० भरले.

मग टक्कल ओळखायचे कसे? टक्कल पडताना गळणाऱ्या केसांपेक्षा उगवणारा केस बिघडलेला असतो. वाढीचा टप्पा आखूड होत जातो आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. म्हणून फणीकडे न पाहता भांगाकडे पाहा. बाईचा भांग महिन्यागणिक रुंद होत असेल, पुरुषाचे कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, किंवा मुलाच्या डोक्यात खवले, खाज आणि तुटके केस दिसले, तर त्याच आठवड्यात जा. मुलांमधला हा प्रकार बहुधा गजकर्णाचा असतो. त्याला पोटातून औषध लागते, वरून मलम लावून भागत नाही. गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली, किंवा पाळीत अंगावरून फार जात असेल, तर रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या.

बाकीच्यांनी चार दिवस केस जमवावेत, मोजावेत आणि बेरजेला चाराने भागावे. आकडा शंभराच्या आसपास आला आणि भांग जसाच्या तसा असला, तर तेलाचे पैसे घरातल्या डाळीवर खर्च करावेत. गुंतवळ त्या भांडीवालीसाठी ठेवून द्यावे.