Explainer: दुकान ‘प्रायव्हेट लिमिटेड’ करताय? कर वाचवणारी खरी अट एका नोंदीत आहे

सदाशिव पेठेतली अनेक दुकाने, छापखाने, क्लासेस आजही एकाच माणसाच्या नावावर म्हणजे प्रोप्रायटरशिपवर चालतात. धंदा वाढला, मुलगा-मुलगी सोबत आली, की विषय निघतो : कंपनी करून टाकू. नोंदणी काही दिवसांत होते. अडचण येते ती जुना धंदा नव्या कंपनीकडे नेताना.

धंदा आपलाच, कंपनीही आपलीच, मग कर कशाचा?

कायद्याच्या नजरेत मालक आणि कंपनी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. भागीदारी संस्थेची थेट कंपनी म्हणून नोंदणी करता येते आणि मालमत्ता कायद्यानेच कंपनीकडे जाते. टेक्स्पिन इंजिनीअरिंग प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अशा रूपांतरात भांडवली नफ्याचा कर लागत नाही, असे म्हटले होते. एकट्या मालकाला हा मार्ग नाही. त्याला आधी कंपनी स्थापून मग कराराने धंदा तिच्याकडे सोपवावा लागतो. हे हस्तांतरणच ठरते. त्यावरचा कर टाळण्याची सोय १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४७ (१४) मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, अटींचा गाभा तोच राहतो.

अटी कोणत्या?

- धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. हवे ते दिले, नको ते ठेवले, असे चालत नाही.
- मालकाकडे कंपनीतील किमान ५० टक्के मताधिकार हवा आणि तो पाच वर्षे टिकायला हवा.
- मोबदला म्हणून मालकाला फक्त शेअर्स मिळावेत. दुसरा कोणताही लाभ, थेट किंवा आडून, नको.

हिशेब कसा लिहायचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेठेतल्या एका छापखान्याची यंत्रे २० लाख, कागदाचा साठा ३० लाख, येणी २५ लाख आणि बँकेत ५ लाख, अशी एकूण मालमत्ता ८० लाख रुपये आहे. बँकेचे कॅश क्रेडिट २० लाख आणि व्यापाऱ्यांची देणी २० लाख. उरले मालकाचे भांडवल : ४० लाख.

कंपनीच्या वहीत ही मालमत्ता आणि देणी त्याच पुस्तकी किमतीला येतात आणि मालकाला १० रुपयांचे ४ लाख शेअर्स मिळतात. ताळेबंद जुळतो, तिसरी अटही पाळली जाते.

चूक इथेच होते. अनेकजण १० लाखांचेच शेअर्स घेतात आणि उरलेले ३० लाख ‘मालकाचे कंपनीला दिलेले कर्ज’ म्हणून दाखवतात, म्हणजे पुढे हवे तेव्हा काढता येतील. पण कंपनीकडून येणे असलेले कर्ज हा शेअर्सपलीकडचा लाभ आहे. या एका नोंदीने सवलत धोक्यात येते.

अट मोडली तर किती फटका?

समजा, याच धंद्याचे बाजारमूल्य १ कोटी २० लाख आहे. पूर्ण धंदा एकरकमी विकला असे मानले, तर ४० लाखांचे निव्वळ मूल्य वजा जाता ८० लाखांचा भांडवली नफा निघतो. धंदा तीन वर्षांहून जुना असेल, तर १२.५ टक्क्यांनी १० लाख रुपये कर. अधिभार आणि उपकर वेगळे. हातात मात्र एक रुपयाही आलेला नसतो.

अट नंतर मोडली, उदाहरणार्थ तिसऱ्या वर्षी गुंतवणूकदाराला किंवा मुलांना शेअर्स देऊन मालकाचा वाटा ४५ टक्क्यांवर आला, तर न आकारलेला नफा त्या वर्षी कंपनीचे उत्पन्न धरला जातो. म्हणून कंपनीत येणाऱ्या नव्या भागधारकानेही ही पाच वर्षांची तारीख तपासावी.

जागा वाड्यात भाड्याची असेल तर?

प्राप्तिकराची सवलत भाडेकराराला लागू होत नाही. भाडेकरू मालक असतो, कंपनी नव्हे. त्यामुळे घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी, नाहीतर जागा दुसऱ्याला दिल्याचा दावा उभा राहू शकतो. शिवाय भरणा झालेले भागभांडवल १ कोटी किंवा अधिक असलेल्या कंपनीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षणच मिळत नाही. वरच्या उदाहरणातले ४० लाख या मर्यादेत बसतात. मोठ्या धंद्याने शेअर्सची रक्कम ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा. जागा धंद्याच्या ताळेबंदात स्वतःच्या मालकीची असेल, तर तीही कंपनीकडे न्यावी लागते आणि तिच्यावर मुद्रांक शुल्काचा प्रश्न वेगळा येतो.

जीएसटीचे काय?

कंपनीचा पॅन नवा, त्यामुळे जीएसटी क्रमांकही नवा. जुन्या क्रमांकावरचे शिल्लक इनपुट क्रेडिट पोर्टलवर ITC-02 फॉर्म भरून कंपनीकडे वळवता येते. ते होण्याआधी जुनी नोंदणी रद्द करू नका.